पाकीट दोनशे ग्रॅमचं, दुकान कुठं मांडायचं?

घरी उत्तम बिस्किटं भाजणाऱ्या बाईला एक सल्ला हमखास मिळतो, “ऑनलाइन विका की.” ऑनलाइन म्हणजे नेमकं कुठं, हे सल्ला देणारा सांगत नाही. स्वतःच्या नावाची वेबसाइट काढून तिथं दुकान मांडायचं, की अॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या मार्केटप्लेसवर विक्रेता म्हणून नाव नोंदवायचं, हा निर्णय बहुतेक जणी भाचा-पुतण्याच्या भरवशावर घेतात. भाच्याला वेबसाइट करता येत असली की वेबसाइट होते. शेजारचा कुणी मोबाइलची कव्हरं अॅमेझॉनवर विकत असला की अॅमेझॉन.

या विषयावर चर्चा झालीच तर ती कमिशनपाशी थांबते. मार्केटप्लेस कमिशन कापतं, वेबसाइटवर ते वाचतं, झालं. पण २०२५ मध्ये अॅमेझॉनने तीनशे रुपयांच्या आतल्या बऱ्याच प्रकारच्या वस्तूंवरचं कमिशन काढून टाकलं आणि त्याच वर्षी फ्लिपकार्टने हजार रुपयांच्या आतल्या वस्तूंना ती सवलत दिली. म्हणजे ज्या किमतीला घरगुती खाऊ विकला जातो, नेमक्या त्याच किमतीत कमिशनचा मुद्दा जवळजवळ संपला. तरीही तिथं विकून हातात फारसं काही उरत नाही, अशी तक्रार आहेच. पैसे जातात ते दुसरीकडे, आणि कुठं जातात ते एका पाकिटाचा हिशोब मांडल्याशिवाय दिसत नाही.

तर समजा, कोल्हापुरातल्या एक ताई आहेत. नाचणी आणि गुळाची बिस्किटं करतात, लोण्यातली. दिवाळीत आणि भिशीच्या ग्रुपमध्ये त्यांची पाकिटं जातात, व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी येतात, पैसे यूपीआयने मिळतात. एफएसएसएआयची नोंदणी त्यांनी केली आहे. छोट्या उलाढालीला वर्षाकाठी शंभर रुपये शुल्क असतं आणि मिळणारा चौदा आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. (तो घरगुती विक्रीलाही लागतो. “मी तर फक्त ओळखीच्यांना देते” ही सबब कायद्याला चालत नाही.) पाकीट दोनशे ग्रॅमचं, छापील किंमत १८० रुपये.

या पाकिटात साठेक ग्रॅम लोणी जातं आणि सगळ्यात महाग तेच. लोणी, नाचणीचं आणि गव्हाचं पीठ, गूळ, वेलची, दूध पावडर मिळून पन्नास रुपये धरू. ओव्हनची वीज चार, पाउच आणि लेबल बारा, तुटलेली आणि चवीला गेलेली बिस्किटं चार. झाले सत्तर. ताईंच्या स्वतःच्या वेळेचे वीस रुपये धरायचे. बहुतेक घरगुती हिशोबांत ही ओळच नसते आणि म्हणून ते हिशोब नफ्याचे दिसतात. एकूण नव्वद रुपये. अर्धा पैसा खर्चात, अर्धा शिल्लक, म्हणजे धंदा बरा दिसतो.

आता हे एकच पाकीट पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवायचं. अर्धा किलोच्या आतल्या पार्सलला कुरिअरचे पासष्ट रुपये धरा, खोक्याचे बारा. गिऱ्हाईक वेबसाइटवर कार्डाने किंवा तशाच मार्गाने पैसे भरतं तेव्हा पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के घेतो आणि त्या दोन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सव्वाचार रुपये. एकशे ऐंशीतून हे सगळं वजा केलं की उरतात पावणेनऊ रुपये. एखादं पार्सल फुटलं, तर पुढच्या दहा-वीस पाकिटांचा नफा त्याच्या भरपाईत गेला.

मार्केटप्लेसवरही हेच पाकीट सुटं विकलं तर चित्र वेगळं नाही. कमिशन शून्य असलं तरी पार्सल पोचवण्याचा आकार आणि दर ऑर्डरमागचं ठरावीक शुल्क तिथं राहतंच. तेव्हा वेबसाइट की मार्केटप्लेस हा प्रश्न सुट्या पाकिटापुरता निरर्थक आहे. दोन्हीकडे कुरिअरवालाच जेवतो. आधी ऑर्डर मोठी करायची आणि मग दुकान निवडायचं, हा क्रम चुकला तर पुढचं सगळंच चुकतं.

ताईंनी तीन पाकिटांचा संच केला, ५२० रुपयांना, पोच खर्चासह. आता माल २७० रुपयांचा. वजन सहाशे ग्रॅम, खोकं आणि आतला कागद धरून साडेसातशेच्या आसपास, म्हणजे एक किलोच्या टप्प्यात. पण इथं एक खाच आहे. कुरिअर कंपनी नुसतं वजन पाहत नाही, खोक्याचं आकारमानही मोजते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि पाच हजारांनी भागायचं. येतं ते किलोमधलं ‘आकारमानी वजन’. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. ताईंनी आधी मिठाईच्या दुकानात मिळतं तसं ऐसपैस खोकं घेतलं होतं, २५ बाय २० बाय १२. गुणाकार सहा हजार, भागून १.२ किलो. म्हणजे पाऊण किलोच्या पार्सलला दीड किलोच्या टप्प्याचे पैसे. खोकं २२ बाय १६ बाय १० चं केलं तर आकारमानी वजन येतं ०.७ किलो आणि पार्सल पुन्हा एक किलोच्या टप्प्यात येतं. नवा धंदा सुरू करताना लोगोच्या रंगावर जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ खोक्याच्या मापावर घालवला तरी चालेल.

खोकं लहान केलं की बिस्किटं चुरायची भीती वाढते. पुठ्ठा तीन पदरीऐवजी पाच पदरी घ्यावा आणि भरलेलं पार्सल ओट्याच्या उंचीवरून कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट असं टाकून पाहावं. ओट्यावरून पडून तगलं तरी रस्त्यात तगेलच असं नाही. म्हणून ज्या कुरिअरने पाठवायचं त्यानेच एक पार्सल नागपूरच्या नातलगाला पाठवावं, उघडताना फोटो काढायला सांगावा. चुरा पाउचच्या तळाला दिसला तर आतली बिस्किटं एकमेकांवर घासताहेत, म्हणजे पाउच सैल आहे. चुरा एकाच कोपऱ्यात दिसला तर खोकं दबलंय.

आता या संचाचा हिशोब दोन्हीकडे मांडू.

स्वतःच्या दुकानावर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात: ५२० आले. माल २७०, पाच पदरी खोकं २२, कुरिअर ९५, गेटवे बारा. उरले साधारण १२० रुपये. वेबसाइटच्या दुकानाचं भाडं महिन्याला दीड हजार धरलं (नाव नोंदवण्याचा वर्षाचा खर्च त्यामानाने किरकोळ), तर ते वसूल व्हायला महिन्याला तेरा ऑर्डरी लागतात. चौदाव्यापासून कमाई.

मार्केटप्लेसवर हिशोब जरा फिरून येतो, कारण इथं बहुधा जीएसटी नंबर घ्यावा लागतो. का ते पुढे पाहू. बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरावरून पाच टक्क्यांवर आला. ५२० रुपयांत तो धरलेला असल्याने मूळ किंमत होते ४९५. कमिशन शून्य धरू. ऑर्डरमागचं ठरावीक शुल्क पंचवीस आणि पोच शंभर रुपये धरू. त्यांवरचा अठरा टक्के जीएसटी ताईंना स्वतः भरायच्या करातून वळता करून घेता येतो, म्हणून तो सोडून देऊ. ४९५ मधून माल २७०, खोकं २२, शुल्क २५, पोच १०० गेले की उरतात ७८ रुपये.

एकशेवीस विरुद्ध अठ्ठ्याहत्तर. इथवर वेबसाइट जिंकली असं वाटतं, आणि वेबसाइट करून देणारे लोक हिशोब इथंच थांबवतात. पण त्या १२० रुपयांच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे. गिऱ्हाईक स्वतःहून, फुकट, दुकानात आलं.

नव्या वेबसाइटवर कुणीही येत नाही. गुगलवर ‘नाचणी बिस्किटं’ शोधणाऱ्याला पहिल्या पानावर मोठे ब्रँड आणि खुद्द मार्केटप्लेसच दिसतात. मार्केटप्लेस म्हणजे एसटी स्टँडवरचा गाळा. गर्दी तयार असते, तिथली माणसं खिशात हात घालूनच फिरत असतात, आणि गाळ्याची जागा कितवी यावर सगळं ठरतं. नव्या विक्रेत्याचा माल यादीत खूप खाली असतो, कारण त्याला ना रिव्ह्यू, ना विक्रीचा इतिहास. वर यायचं तर ‘स्पॉन्सर्ड’ जाहिरात. तिथं पैसे क्लिकमागे जातात, विक्रीमागे नाही. क्लिकला सहा रुपये पडले आणि बारा जणांनी उघडून पाहिल्यावर एकाने घेतलं, असं धरा. एका ऑर्डरमागे ७२ रुपये जाहिरातीचे. अठ्ठ्याहत्तरातले उरले सहा. कमिशन माफ होऊनही हातात काही का उरत नाही, त्याचं उत्तर बहुतेक वेळा या ओळीत सापडतं.

वेबसाइटवाल्यांनाही हा खर्च चुकत नाही. अनोळखी माणसाला इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीने तुमच्या साइटवर आणलं, तर तो आधी विचार करतो की ही कोण बाई, पैसे भरले आणि माल आलाच नाही तर? म्हणून ओळख नसलेल्या वेबसाइटवर पाहून जाणारे जास्त, घेणारे कमी. त्याच माणसाला मार्केटप्लेसवर ही शंका नसते, कारण त्याचा विश्वास ताईंवर नसून मार्केटप्लेसवर असतो. अनोळखी गिऱ्हाईक मिळवण्याच्या कामात मार्केटप्लेस वेबसाइटपेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही.

फरक पडतो तो दुसऱ्या ऑर्डरीला. वेबसाइटवर पहिली ऑर्डर आली की नाव, पत्ता, फोन नंबर ताईंकडे राहतो. संमती घेतली असेल तर गौरी-गणपतीच्या आधी एक व्हॉट्सअॅप संदेश जातो आणि दुसरी ऑर्डर शून्य खर्चात येते, पूर्ण १२० रुपये उरवून. मार्केटप्लेसवर गिऱ्हाईक मार्केटप्लेसचं. ताईंना पत्ता कळतो तो पार्सलपुरता. खोक्यात “पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या” अशी चिठ्ठी टाकावी हे सगळ्यांना सुचतं, पण अॅमेझॉनसारख्या ठिकाणी गिऱ्हाइकाला असं बाहेर वळवणं नियमात बसत नाही आणि त्यापायी खातं बंद होऊ शकतं. दुसऱ्यांदा तेच गिऱ्हाईक ‘नाचणी बिस्किटं’ शोधायला आलं तर त्याला आधी दिसतो तो त्या दिवशी जाहिरातीला जास्त पैसे देणारा. बिस्किटासारख्या वस्तूत हे फार महत्त्वाचं, कारण मोबाइलचं कव्हर माणूस वर्षातून एकदा घेतो आणि आवडलेलं बिस्किट महिन्याला.

आता जीएसटीचं. यात घरगुती विक्रेत्या सगळ्यात जास्त गोंधळतात आणि त्यांना सल्ला देणारे त्यांच्याहून जास्त. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं की, माल राज्याबाहेर विकला तर ही सूट उरत नाही. कोल्हापूरहून नागपूरला पाठवलेलं पार्सल राज्यातल्या राज्यात. पण चाळीसेक किलोमीटरवरची निपाणी कर्नाटकात आहे. तिथल्या मराठी घरात गेलेलं विकतचं एक पाकीट कायद्याच्या दृष्टीने आंतरराज्य विक्री. सावंतवाडीच्या बाईने पणजीला पाठवलेलं पाकीटही तसंच. आंतरराज्य विक्रीला रकमेची मर्यादा नाही, पहिल्याच विक्रीला नोंदणी लागते. स्वतःची वेबसाइट असली तरी हे चुकत नाही.

मार्केटप्लेसमधून विकायचं तर पूर्वी उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्यांना थोडी मोकळीक मिळाली. राज्यातल्या राज्यातच विकायचं असेल तर जीएसटी पोर्टलवरून फक्त एक नोंद क्रमांक घेऊन विकता येतं. काही मार्केटप्लेस असे विक्रेते घेतात. पण मग माल फक्त महाराष्ट्रात दिसतो, आणि देशभरचं गिऱ्हाईक मिळावं म्हणून तर मार्केटप्लेसवर जायचं. त्यामुळे व्यवहारात तिकडे जाणं म्हणजे जीएसटी नंबर, ठरलेल्या मुदतीत विवरणपत्रं आणि ती भरून देणाऱ्याची महिन्याची फी. ही फी वरच्या अठ्ठ्याहत्तर रुपयांच्या हिशोबात मी धरलेलीच नाही. शिवाय मार्केटप्लेस विक्रीच्या अर्धा टक्का रक्कम कर म्हणून कापून सरकारजमा करतं. ती पुढे मिळते, पण तोवर अडकते.

स्वतःच्या दुकानात मात्र ताईंना एक वाट खुली आहे. पिनकोडवर अट घालायची, फक्त महाराष्ट्रातले पिनकोड घ्यायचे. दुकान बनवण्याच्या बहुतेक सेवांमध्ये पोच कुठं कुठं द्यायची ते ठरवता येतं. निपाणीच्या मावशींना नाही म्हणावं लागतं हे वाईट, पण पहिलं वर्ष विवरणपत्रांशिवाय जातं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर एवढं गिऱ्हाईक एका ओव्हनला पुरून उरतं.

हिशोब कितीही नीट मांडला तरी काही वस्तू एका दुकानात जाऊच शकत नाहीत. ते ठरवते टिकण्याची मुदत. एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रीसाठी घातलेल्या अटीनुसार, गिऱ्हाइकाच्या हाती पदार्थ पडतो तेव्हा त्याच्या मुदतीतला किमान तीस टक्के भाग किंवा मुदत संपायला किमान ४५ दिवस शिल्लक असायला हवेत. ताईंच्या बिस्किटांची मुदत साठ दिवस आहे. मार्केटप्लेसने ४५ दिवसांचा निकष लावला तर भाजल्यापासून गिऱ्हाइकाच्या दारी जाईपर्यंत हातात पंधरा दिवस. ऑर्डर येईल म्हणून वीस संच करून ठेवायचे आणि त्यातले बारा पंधरा दिवसांत गेले नाहीत, तर ते भिशीत वाटायचे. मार्केटप्लेसच्या गोदामात माल ठेवायचा तर प्रश्नच मिटला. वेबसाइटवर ताई शनिवारी-रविवारी ऑर्डरी गोळा करतात, मंगळवारी भाजतात, बुधवारी कुरिअरला देतात. ऑर्डरीपुरताच माल होतो आणि पाकीट चार-पाच दिवसांचं ताजं पोचतं. (शुक्रवारी-शनिवारी पार्सल देऊ नये, ते रविवारभर कुरिअरच्या गोदामात उकाड्यात पडतं. लोण्याच्या बिस्किटाला ते मानवत नाही.) मार्केटप्लेसला “मंगळवारीच भाजते” हे चालत नाही. ऑर्डर आली की ठरलेल्या वेळेत माल तयार हवा, उशीर आणि रद्द झालेल्या ऑर्डरी विक्रेत्याच्या गुणांत धरल्या जातात आणि गुण घसरले की यादीत आणखी खाली.

आणि साठ दिवस हा आकडा आला कुठून? बऱ्याच घरगुती पाकिटांवर तो दुसऱ्या ब्रँडच्या पाकिटावरून उचललेला असतो. तो काढावा असा: एकाच घाण्यातली दहा-बारा पाकिटं बंद करून कपाटात ठेवायची, शक्यतो पावसाळ्यात, आणि दर आठवड्याला एक उघडायचं. दोन गोष्टी पाहायच्या. बिस्किट मोडताना आवाज येतो का, की सादळलंय? आणि नाकाशी धरल्यावर जुन्या तेलासारखा खवट वास येतो का? सादळणं हे पाउचमधून आत शिरलेल्या दमटपणाचं काम. खवटपणा स्निग्धांशाला हवा आणि उजेड लागल्याने येतो. बाजारात मिळणारा खाकी कागदी पाउच, समोर पारदर्शक खिडकी असलेला, दिसतो देखणा, पण खिडकीतून उजेड आत जातो आणि अस्तर नीट नसेल तर कागदातून दमटपणाही. ताईंची बिस्किटं त्यात पाचव्या आठवड्यात खवट झाली असती, तर तीच आतून अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पाउचमध्ये दुप्पट टिकू शकतात. घरची परीक्षा पंचाहत्तर दिवसांना उतरली तर पाकिटावर साठ छापावं, आणि छापण्यापूर्वी एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. मऊ केक, ब्राउनी, ओलं खोबरं घातलेलं काहीही या परीक्षेत काही दिवसांतच नापास होतं. त्यांच्यापुरता निर्णय आपोआप होतो. ती गावातल्या गावात स्वतःच विकायची.

लेबलचं काम दोन्हीकडे सारखंच आहे, त्यातून सुटका नाही. घटक पदार्थ, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, प्रति ग्रॅम दर, भाजल्याची तारीख, मुदत, शाकाहाराचा हिरवा ठिपका, आणि गहू, दूध, सुकामेवा यांची ऍलर्जीची सूचना. तक्रारीसाठी फोन आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. हा पत्ता म्हणजे ताईंचं राहतं घर, आणि तो पाकिटावर व ऑनलाइनही दिसणार. त्यासाठी वेगळा फोन नंबर घेणं शहाणपणाचं. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी सांगावं, नंतर त्यांनी पाकिटावर वाचण्यापेक्षा.

वेबसाइटचं एक कंटाळवाणं काम सगळ्यांचं अडतं. पेमेंट गेटवे चालू करण्यापूर्वी कंपनी साइट तपासते. पॅन आणि बँक खात्याबरोबर साइटवर परताव्याचे नियम, पोच देण्याचे नियम, गोपनीयतेचं धोरण आणि संपर्काचं पान असावं लागतं. ही पानं दुसऱ्या साइटवरून उचलून टाकली की त्यांत “सात दिवसांत परत घेऊ” असं वाक्य हमखास राहून जातं. उघडलेलं बिस्किटाचं पाकीट परत घेऊन काय करणार? त्याऐवजी साधं लिहावं: खाद्यपदार्थ परत घेतला जात नाही, फुटका किंवा चुकीचा माल आला तर अठ्ठेचाळीस तासांत फोटो पाठवा, पैसे किंवा नवं पार्सल देऊ. आणि सुरुवातीला ‘माल आल्यावर पैसे’ हा पर्याय ठेवूच नये. कुणी पार्सल नाकारलं तर ते येताना-जाताना दोन्हीकडचं भाडं खातं आणि परत येईपर्यंत बिस्किटांची मुदत निम्मी संपलेली असते. मार्केटप्लेसवर हा पर्याय बंद ठेवणं विक्रेत्याच्या हातात असेलच असं नाही, हेही वजन त्या पारड्यात टाकायला हवं.

मग ताईंनी काय करावं? माझं मत सरळ आहे. ज्यांच्या फोनमध्ये आपला माल खाल्लेली शंभर-दीडशे घरं आहेत, त्यांनी आधी स्वतःचं दुकान काढावं. तेही लगेच नाही. संध्याकाळचा तासभर “किती झाले? पत्ता पाठवा. स्क्रीनशॉट पाठवा” यात जायला लागला, की समजावं वेबसाइटची वेळ झाली. त्याआधी व्हॉट्सअॅप पुरेसं आहे आणि फुकट आहे. ज्यांची अशी ओळख नाही, पण माल तीन-चार महिने सहज टिकतो आणि बाजारात तशा वस्तूचं नाव घेऊन लोक शोधतात, त्यांनी मार्केटप्लेसवर जावं, एकच वस्तू घेऊन, मोठ्या संचात, आणि जाहिरातीच्या खर्चाला महिन्याची मर्यादा घालून. तीन महिन्यांनी एकच आकडा पाहायचा: जाहिरातीशिवाय आलेल्या ऑर्डरी वाढताहेत का? रिव्ह्यू जमले की त्या वाढायला हव्यात. नाही वाढल्या तर गाळ्याचं भाडं भरतोय, एवढंच चाललंय.

दोन्हीकडे विकायला पुढे हरकत नाही. पण मग किंमत ठरवताना एक काळजी घ्यावी. मार्केटप्लेसवर ५२० आणि वेबसाइटवर ४६० असं ठेवलं की गिऱ्हाईक मार्केटप्लेसवर रिव्ह्यूत तेच लिहितं, आणि बाहेर स्वस्त दिसलेल्या मालाला काही मार्केटप्लेस यादीत मागे टाकतात. किंमत दोन्हीकडे सारखी ठेवून वेबसाइटवरच्या संचात शंकरपाळ्यांचं छोटं पाकीट जास्तीचं द्यावं. त्याला ताईंना पंचवीसेक रुपये पडतात आणि गिऱ्हाइकाला ते साठ रुपयांचं वाटतं. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे मार्केटप्लेसवरचा साठा मोजून आठ-दहा संचांवर ठेवावा. त्या दिवसांत ओव्हन जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरींनाच पुरत नाही, आणि रद्द झालेली एक ऑर्डर मार्केटप्लेस पुढचे कित्येक आठवडे लक्षात ठेवतं.